बोलून झालं की थांब

तुझं बाळ तीन आठवड्यांचं, म्हणजे त्याच्याशी बोलताना उत्तराची घाई नको. पण लंगोट बदलताना नुसती उरकाउरकी करू नकोस. तोंड त्याच्यापासून वीतभर, साधारण 20-30 सेंटिमीटरवर ने. एवढ्याच अंतरावरचं त्याला नीट दिसतं. "आता पाय वर... हा एक पाय, हा दुसरा पाय," असं लांबवून, हेल काढून म्हण आणि मग गप्प बस. पाच-सहा सेकंद तरी. मला हे गप्प बसणंच जमत नव्हतं! त्या वेळात बाळ ओठ हलवतं, पाय झाडतं. तेच त्याचं बोलणं समज आणि "हो का?" म्हण. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झालं की त्या जागी "आ", "ऊ" येऊ लागतं.

अंगाई रोज एकच चालेल, बेसूरही चालेल. संथ चालीत शब्द सुटे सुटे ऐकू येतात. मागे टीव्ही मात्र बंद ठेव, त्या गोंगाटातून तुझा आवाज वेगळा काढणं त्याला जड जातं.

त्याने मान फिरवली, जांभई दिली की थांब, त्याला पुरे झालंय. भांडं पडूनही कधीच दचकत नसेल, तर कान तपासून घे.