‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ याला उत्तर काय?

‘संक्रांतीला शेजारी “तिळगूळ घ्या, गोड गोड बोला” म्हणतात. त्यावर काय म्हणायचं असतं? मी “तुम्हालाही” म्हणतो, पण ते कानाला बरं वाटत नाही.’

कान बरोबर सांगतोय. ‘तुम्हालाही’ हे शुभेच्छांचं उत्तर आहे. ‘संक्रांतीच्या शुभेच्छा’ म्हटलं तर ‘तुम्हालाही’ चालतं, कारण शुभेच्छा कुणाला तरी दिल्या जातात. इथे मात्र ‘घ्या’ आणि ‘बोला’ ही दोन्ही आज्ञार्थी रूपं आहेत. समोरचा काहीतरी करायला सांगतोय, म्हणून उत्तरात ‘तुम्ही’ हवं: ‘तुम्हीही घ्या, गोड बोला.’

याहून वेगळं ठरलेलं उत्तर नाही. दिलेला तिळगूळ घ्यायचा, आपला त्यांच्या हातावर ठेवायचा आणि तेच वाक्य परत म्हणायचं. समजा, तुम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलात.

‘काकू, तिळगूळ घ्या, गोड बोला.’

‘घेते हो. थांब, आमचा पण घे. वड्या जरा कडक झाल्यात. गोड बोल रे बाबा!’

तुम्ही काकूंना ‘घ्या, बोला’ म्हणालात, काकू तुम्हाला ‘घे, बोल’ म्हणाल्या. एरवी ज्याला ‘अहो’ म्हणता त्याला ‘घ्या’, ज्याला ‘अरे’ किंवा ‘अगं’ म्हणता त्याला ‘घे’. मोठ्यांना गोड बोलायला सांगणं उद्धटपणाचं तर नाही ना, अशी शंका नको. त्या दिवशी नातवंडंही आजोबांना हेच म्हणतात, फक्त तिळगूळ देऊन वाकून नमस्कार करतात. हाताशी तिळगूळ नसेल तर ‘घेतला हं, आमचा संध्याकाळी आणून देतो’ एवढं पुरे. नुसतं ‘थँक्यू’ म्हटलं तर देवाणघेवाण अर्धीच राहते. लहान मुलं ‘आमचा तीळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका’ अशी पुस्ती जोडतात. बरोबरीच्या मित्रांतही ती शोभते.

‘गोड गोड बोलणं’ एरवी फारसं चांगलं नाही. ‘गोड गोड बोलून काम काढून घेतलं’ यात लबाडी असते. तिळगूळ देताना तो अर्थ कुणाच्या मनातही येत नाही. पण शुभेच्छा देताना एका गोष्टीला जपा. ‘त्याच्या नोकरीवर संक्रांत आली’ म्हणजे संकट आलं. म्हणून ‘तुमच्या घरी आनंदाची संक्रांत येवो’ असली वाक्यं रचू नयेत. ‘संक्रांतीच्या शुभेच्छा’ हे सरळ आणि निर्धोक.

लिहून पाठवायचं असेल तर ‘तिळगूळ’ असं: ति ऱ्हस्व, गू दीर्घ. विभक्ती लागली की गु ऱ्हस्व होतो, ‘तिळगुळाची वडी’. आणि संक्रांतीच्या दिवशी गाठ पडली नाही तरी हरकत नाही, रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो.