सळीची तीन कोटेशनं: कुणाचा माल खरंच स्वस्त?

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या आमच्या दूध संस्थेचं गोदाम बांधायचं आहे. १२ मिमीच्या ३०० सळ्या लागतील. तीन कोटेशनं आली, तिन्ही फाइली जोडल्या आहेत: बेळगावची पीडीएफ, कोल्हापूरची एक्सेल आणि गावातल्या दुकानदाराच्या कागदाचा फोटो. एकाचा दर किलोवर, दुसऱ्याचा टनावर, तिसऱ्याचा नगावर. बेळगाववाल्याचा टॅक्स ९ टक्के दिसतो, कोल्हापूरवाल्याचा १८. बेळगावहून टेम्पो ३,५०० आणि हमाली १,००० सांगतात. कमिटीपुढे काय ठेवू?

उत्तर:

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात खरेदी बघतो, त्यामुळे असे कागद रोज हातात असतात. तिन्ही फाइली नीट वाचल्या. सगळ्यांचे दर एकाच मापावर आणा: तुमच्या जागेवर उतरलेला एक किलो, टॅक्ससकट.

आधी टॅक्स, कारण तो पटकन सुटतो. पीडीएफमध्ये सीजीएसटी ९ टक्के आहे आणि खालच्या ओळीत एसजीएसटी ९ टक्के. ती ओळ पान बदलल्यामुळे दुसऱ्या पानावर गेली आहे. कोल्हापूरवाल्याचं राज्य वेगळं, म्हणून त्याने एकच आयजीएसटी १८ टक्के लावला. बेरीज दोन्हीकडे सारखीच. महाराष्ट्रातून माल आणला की जास्त कर बसतो ही समजूत आपल्या भागात अजून आहे, पण जुलै २०१७ पासून ते दिवस गेले. संस्थेचा जीएसटी नंबर असला तरी स्वतःच्या इमारतीसाठी घेतलेल्या सळीच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, तेव्हा १८ टक्के हा खर्चच धरा.

आता बेळगाव. दर ५८.५० रुपये किलो, टॅक्स वेगळा, माल त्यांच्या गोदामातून आपण उचलायचा. १२ मिमीच्या सळीचं वजन कोष्टकानुसार मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळी १०.६६ किलो. ३०० सळ्या म्हणजे ३,२०० किलोच धरू. (दुसऱ्या जाडीसाठी मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन निघतं.) माल १,८७,२०० चा, टॅक्स ३३,६९६, वर टेम्पो आणि हमाली ४,५००. एकूण २,२५,३९६, म्हणजे किलोला ७०.४४.

कोल्हापूरचा दर टनाला ५९,२००, टॅक्स धरून ६९,८५६. ३.२ टनांचे २,२३,५३९ होतात आणि कोटेशनमध्ये पोच धरलेली दिसते, म्हणजे बेळगावपेक्षा स्वस्त. पण एक्सेलचं दुसरं शीट उघडा. तिथे अटींमध्ये ‘एफओआर बेळगाव’ लिहिलंय. माल बेळगावच्या ट्रान्सपोर्टपर्यंत येणार, तिथून खानापूरचं भाडं तुमचं. तेच ४,५०० पुन्हा घातले की किलोला ७१.२६ पडतात. खानापूरला जागेवर पोच देतो म्हणाला तर ६९.८६, आणि मग तो बेळगाववाल्याच्या पुढे जातो. मात्र पोचेचं भाडं त्याने स्वतःच्या बिलात वेगळं लावलं तर त्या भाड्यावरही १८ टक्के येतात, हे विसरू नका. तो सगळे पैसे आगाऊ मागतोय, तेही कमिटीला सांगा.

खरा घोळ तिसऱ्या कागदात आहे. ७३५ रुपये नग, ‘सर्व सहित, जागपोच’. ३०० नगांचे २,२०,५००, म्हणजे सगळ्यांत कमी. आणि सळी १०.६६ किलोची भरली तर किलोला ६८.९५, तिथेही तोच पहिला. पण नगावर घेताना वजनाचा धोका तुमच्याकडे येतो. सळीचं मानक आयएस १७८६. त्यात १२ मिमीच्या लॉटला सरासरी वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं, त्यामुळे हलकी सळी देणारा दुकानदार लगेच लबाड ठरत नाही. ५ टक्के हलकी म्हणजे सळी १०.१३ किलोची, आणि मग हाच दर किलोला ७२.५६ पडतो: तिघांत महाग. वजनावर घेतलं तर हलक्या सळीचा तोटा तुम्हाला बसत नाही, तेवढ्याच पैशांत सळ्या जास्त येतात.

बेळगावच्या ७०.४४ शी बरोबरी कुठे होते ते बघू. ७३५ भागिले ७०.४४ म्हणजे १०.४३ किलो, मीटरला ८६९ ग्रॅम. निर्णय या एका आकड्यावर आहे. सळी यापेक्षा जड भरली तर गावातला दुकानदार, हलकी भरली तर बेळगाव. (कोल्हापूरवाला जागपोच द्यायला तयार झाला तर हाच आकडा ८७७ होतो.)

हे तपासायला धरमकाटा नको. काटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने वाचतो, दहा सळ्यांचा फरक त्यात दिसणारच नाही. दुकानदाराकडून वेगवेगळ्या बंडलांतले तीन तुकडे कापून घ्या, साधारण एक मीटरचे, आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. कापताना सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला तर नऊ ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून आधी टेपने तुकड्याची नेमकी लांबी मोजा आणि वजनाला लांबीने भागा. ९८ सेंटिमीटरचा तुकडा ८४० ग्रॅम भरला तर मीटरला ८५७, म्हणजे बरोबरीच्या खाली. जमलं तर एका सळीची पूर्ण लांबीही मोजून घ्या.

वजनाच्या बाबतीत बेळगाववाल्यालाही एक विचारा: बिल काट्याच्या वजनावर की कोष्टकातल्या? काही व्यापारी नग मोजून त्याला १०.६६ ने गुणतात आणि ‘किलोचा दर’ म्हणतात. तसं असेल तर ती नगाचीच खरेदी, मग त्याच्याही सळीचा तुकडा वजन करून घ्या. काट्याचं बिल असेल तर रिकाम्या आणि भरलेल्या टेम्पोच्या दोन्ही पावत्या ठेवा.

ग्रेडही एकच हवी. बेळगावच्या कागदावर Fe 500D आहे, कोल्हापूरच्या Fe 500, गावातल्या कागदावर काहीच नाही. तुमच्या इंजिनिअरने नकाशावर जी लिहिली असेल तीच तिघांना लेखी मागा, टेस्ट सर्टिफिकेटसह. आणि ‘सर्व सहित’मध्ये जीएसटीचं पक्कं बिल येतं का ते विचारा. संस्थेचं ऑडिट होतं, साध्या चिठ्ठीवर दोन लाखांवरची खरेदी कोण मान्य करणार? बिल नाही म्हणाला तर त्याचा ७३५ हा आकडा बाकी दोघांशी लावायचाच नाही.

तुलनेच्या तक्त्यात मूळ दर जसेच्या तसे ठेवा आणि शेजारी जागेवरचा किलोचा दर लिहा, म्हणजे कमिटीला आकडे कुठून आले ते दिसेल. तिघांना एकच मेसेज पाठवा: ग्रेड, बिलाचं वजन कोणतं, खानापूरच्या जागेवर टॅक्ससकट पोच किती, दर कधीपर्यंत. बेळगाववाल्याने मुदत तीनच दिवसांची दिली आहे, तेव्हा पहिला फोन त्यालाच लावा.