डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आली म्हणजे नक्की काय झालं?

“मॅडम, वय २७, पहिलीच प्रेग्नन्सी, तेरावा आठवडा चालू आहे. डबल मार्करमध्ये डाऊन सिंड्रोमसाठी लाल अक्षरात हाय रिस्क आलंय. नेटवर वाचलं की ही टेस्ट ९० टक्के बरोबर असते. म्हणजे माझ्या बाळाला डाऊन असायचे ९० टक्के चान्सेस आहेत का? रडून रडून डोळे सुजलेत, काय करू?”

नाही, ९० टक्के नाहीत. त्याच्या जवळपाससुद्धा नाहीत. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

आमच्या बडोद्याच्या ओपीडीत अगदी असंच एक जोडपं आलं होतं, बरोबर सासूबाई, दांडिया बाजारच्या. मुलगी २९ वर्षांची, नवरा मकरपुऱ्याला कंपनीत. तिघंही रिपोर्ट हातात धरून, आणि गंमत नाही, तिघांनी त्याचे तीन वेगवेगळे अर्थ लावलेले. रिपोर्टवर होतं १:१४०. मुलगी म्हणे ९० टक्के. नवरा म्हणे अहो कटऑफ १:२५० लिहिलाय आणि आमचं १४० आलं, म्हणजे कमीच ना, मग लाल कशाला केलं? सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर जेवढं सांगायचं तेवढं सांगत नाहीत हो, नक्कीच काहीतरी मोठं असणार.”

मी कोरा कागद घेतला आणि आधी तो आकडाच लिहिला. १:१४० म्हणजे अगदी असाच रिपोर्ट, असंच वय, अशीच सोनोग्राफी असलेल्या १४० बायका घेतल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १३९ जणींच्या नसेल. टक्क्यांत म्हणजे ०.७, पाऊण टक्कासुद्धा नाही. नवऱ्याला म्हटलं, इथे खालचा आकडा जेवढा लहान तेवढी रिस्क जास्त, १४० जणींत एक हे २५० जणींत एक यापेक्षा जास्तच झालं, म्हणून लाल. पण लालचा अर्थ ‘बाळाला आहे’ असा नाही, ‘पुढची तपासणी करून बघा’ एवढाच. सासूबाई दोन मिनिटं कागदाकडेच बघत बसल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे १३९ चांगली?” म्हटलं हो काकू, १३९ जणींना हा आजार नाही.

आता ते ९० टक्के कुठून आले ते सांगते, कारण ती गोष्ट खोटी नाही, फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नवरात्रात गरब्याला नवलखी ग्राउंडवर जेवढी गर्दी होते तशी गर्दी डोळ्यासमोर आणा, त्यात १०,००० गरोदर बायका, सगळ्या साधारण तुमच्याच वयाच्या. या वयात या आठवड्याला हजारात एखाद्या बाळाला डाऊन असतो असं धरू, म्हणजे १०,००० मध्ये १०. एनटी स्कॅन, म्हणजे सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणं, आणि रक्ताची डबल मार्कर दोन्ही मिळून केलं तर त्या १० पैकी साधारण ९ पकडल्या जातात. हे झाले ते ९० टक्के, याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ज्यांना आजार आहे त्यांच्यातल्या किती जणी टेस्टला सापडतात, एवढंच ती सांगते.

पण उरलेल्या ९,९९० जणी ज्यांची बाळं ठीक आहेत, त्यांचं काय? त्यातल्या साधारण ९५ टक्के जणींना टेस्ट बरोबर ‘लो रिस्क’ म्हणते, ही झाली स्पेसिफिसिटी. ऐकायला ९५ टक्के फार छान वाटतं, पण राहिलेले ५ टक्के म्हणजे ९,९९० मधल्या जवळजवळ ५०० बायका, ज्यांचं बाळ ठीक आहे तरी हातात लाल रिपोर्ट. म्हणजे एकूण लाल रिपोर्टवाल्या ५०९ आणि त्यात खरंच डाऊन असलेल्या फक्त ९. शंभरात दोनसुद्धा नाहीत. तुम्हाला घाबरून जो प्रश्न पडलाय, की माझा रिपोर्ट लाल आलाय तर माझ्या बाळाला असण्याची शक्यता किती, त्याचं उत्तर हे आहे, आणि त्याला पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू म्हणतात. नेटवर लोक सेन्सिटिव्हिटी वाचतात आणि तीच स्वतःची प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू समजतात, तिथेच सगळा घोळ होतो आणि झोप उडते.

मग एवढ्या जणींना उगाच कशाला घाबरवतात, असं त्या मुलीनं विचारलं, आणि तिचा राग मला पटला. कारण असं की रेष कुठेतरी ओढावी लागते. कटऑफ १:२५० ऐवजी १:५० केला तर लाल रिपोर्ट खूप कमी होतील, पण त्या १० पैकी जास्त बाळं निसटतील. रेष उलट दिशेला, २५० च्याही पुढे सरकवली तर निसटणं कमी आणि विनाकारण घाबरणाऱ्या जास्त. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणून स्क्रीनिंग मुद्दाम जरा जास्त जणींना बाजूला काढतं आणि मग त्यांच्यातून खरं शोधायचं काम पुढच्या टेस्टचं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे रक्त काढायच्या आधी सांगितलं पाहिजे, रिपोर्ट हातात दिल्यावर नाही.

पुढच्या टेस्टकडे जायच्या आधी मी त्यांचा रिपोर्ट ओळ न् ओळ तपासला आणि तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून हे करून घ्याच. या टेस्टचा हिशोब कॉम्प्युटर करतो आणि त्याला जे भरून दिलं त्यावर करतो. वजन, वय, जुळं आहे का, आयव्हीएफ आहे का, डायबेटिस आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती आठवडे झाले. डबल मार्कर आईच्या रक्तातले दोन घटक मोजते, पॅप-ए आणि बीटा एचसीजी. डाऊनमध्ये पॅप-ए कमी असतं आणि बीटा एचसीजी जास्त. आता बघा, या दिवसांत आठवडे वाढतात तसं पॅप-ए वाढत जातं आणि बीटा एचसीजी उतरत जातं, त्यामुळे पाळीच्या तारखेवरून दिवस मोजले आणि खरं बाळ पाच-सात दिवसांनी लहान असलं, तर चांगल्या बाळाचं पॅप-ए सुद्धा ‘कमी’ दिसतं आणि एचसीजी ‘जास्त’, म्हणजे हुबेहूब डाऊनसारखं चित्र. म्हणून दिवस सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून, सीआरएलवरून, धरलेले हवेत. हे चुकलेलं असेल तर लॅब नवीन रक्त न घेता हिशोब परत करून देते. एनटीचा आकडा हिशोबात घेतलाय का तेही बघा, कारण नुसत्या रक्तावर काढलेली रिस्क एवढी भरवशाची नसते. यांच्या रिपोर्टमध्ये सगळं बरोबर भरलेलं होतं, एनटीही घेतलेली, म्हणजे १:१४० हा खरा आकडा धरून पुढे जायचं होतं.

पुढे दोन रस्ते. एक, सोळाव्या आठवड्यानंतर ॲम्निओसेंटेसिस, पोटातून सुईने बाळाभोवतीचं पाणी काढून बाळाचे क्रोमोसोम थेट बघायचे, कारण डाऊन म्हणजे २१ नंबरचा क्रोमोसोम एक जास्त असणं. ही स्क्रीनिंग नाही, निदान आहे, यातून डाऊन आहे किंवा नाही असं स्पष्ट उत्तर मिळतं. सुईमुळे गर्भपात व्हायचा धोका असतो पण अनुभवी हातात तो अर्ध्या टक्क्याहून कमी. दुसरा रस्ता एनआयपीटी, नुसतं आईचं रक्त, सुईचा धोका नाही पण खिशाला जड. त्यांनी एनआयपीटी निवडली.

इथे मी त्यांना अजून एक हिशोब करून दाखवला कारण एनआयपीटीची जाहिरात ‘९९ टक्के अचूक’ अशी असते आणि परत तीच गफलत होते. डाऊनसाठी तिची सेन्सिटिव्हिटी साधारण ९९ टक्के आणि स्पेसिफिसिटी ९९.९ टक्के, म्हणजे खरंच उत्तम टेस्ट आहे. तुमच्यासारख्या १:१४० वाल्या १४,००० बायकांची केली, तर त्यात १०० जणींच्या बाळांना डाऊन असेल, ९९ सापडतील. बाकी १३,९०० मध्ये हजारात एक याप्रमाणे १४ चुकीच्या पॉझिटिव्ह. म्हणजे ११३ पॉझिटिव्हमध्ये ९९ खऱ्या, साधारण ८८ टक्के. पण हीच टेस्ट, हीच लॅब, हेच मशीन, आणि आधी काहीही रिस्क न निघालेल्या २७ वर्षांच्या १०,००० बायकांची थेट केली तर १० खऱ्या पॉझिटिव्ह आणि १० खोट्या. पन्नास टक्के! टेस्ट बदलली नाही, कुणाची केली ते बदललं, आणि तेवढ्यानं पॉझिटिव्हचा अर्थ बदलला.

हे मी एवढं ओरडून सांगते कारण थेट एनआयपीटी पॉझिटिव्ह घेऊन आलेली दुसरी एक मुलगी मला आठवते, घरच्यांनी मनाशी ठरवूनच आणलं होतं की ‘मोकळं करून टाकू’, ॲम्निओ कशाला अजून एक सुई. मी त्यांना सांगितलं की एनआयपीटी बाळाचं रक्त बघत नाही, आईच्या रक्तात वारेतून येणारे डीएनएचे तुकडे बघते, आणि कधी कधी गडबड फक्त वारेत असते, बाळ ठीक असतं, किंवा सुरुवातीला जुळं असून एक गळून गेलेलं असतं आणि त्याचे तुकडे दिसत राहतात. त्यांनी ॲम्निओ केली, क्रोमोसोम नॉर्मल आले. दर वेळेला नॉर्मल येत नाहीत, माझ्याकडे तशाही केसेस झाल्यात, आणि त्या घरांना ॲम्निओच्या पक्क्या रिपोर्टवर विचार करायला वेळ मिळाला. एनआयपीटीच्या पॉझिटिव्हवर गर्भपाताचा निर्णय कधीच घेऊ नका, ॲम्निओ झाल्याशिवाय नाही. ॲम्निओचा पहिला झटपट रिपोर्ट दोन-चार दिवसांत येतो, पूर्ण क्रोमोसोमचा दोन-तीन आठवड्यांत. कायद्यात २०२१ च्या बदलानंतर बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही मार्ग आहे, त्यामुळे चार दिवसांत काहीतरी उरकून टाकायची घाई कुणी करत असेल तर ऐकू नका. आणि यातल्या कुठल्याही रिपोर्टमध्ये मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, विचारूही नका, गुन्हा आहे.

दांडिया बाजारवाल्यांची एनआयपीटी लो रिस्क आली. वरच्याच हिशोबानं अशा निगेटिव्ह रिपोर्टमागे डाऊन लपलेला असण्याची शक्यता चौदा हजारांत एकीच्या आसपास, म्हणून त्यांनी ॲम्निओ केली नाही आणि मलाही तो निर्णय योग्य वाटला. सासूबाईंना मात्र स्पष्ट सांगितलं की एनआयपीटी मोजकेच क्रोमोसोम बघते, हृदय, मणका, किडनी यातलं काही बघत नाही, तेव्हा अठरा ते वीस आठवड्यांचा ॲनॉमली स्कॅन चुकवायचा नाही.

तुम्ही आता एवढं करा. रिपोर्टवर ‘हाय’ शब्दाशेजारी १: पुढे काय आकडा आहे तो शोधा. सीआरएलवाला सोनोग्राफी रिपोर्ट आणि आजचं वजन घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हिशोबात हेच भरलंय का ते विचारा. आकडा १:१० किंवा १:२० असा जवळचा असेल, किंवा एनटी जाड निघाली असेल, तर एनआयपीटीत दिवस न घालवता थेट ॲम्निओबद्दल किंवा आत्ताच होणाऱ्या सीव्हीएसबद्दल बोला, म्हणजे वारेचा छोटा तुकडा घेऊन करतात ती, तिला तेराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच वेळ असतो. आकडा शंभराच्या पुढे असेल आणि एनटी नॉर्मल असेल तर एनआयपीटीला वेळ आहे, सावकाश ठरवा.