अशक्य डेडलाइन आणि तीन पर्याय

प्रश्न: आमच्या सीनियर मॅनेजरनी सहा आठवड्यांचं सॉफ्टवेअरचं काम तीन आठवड्यांत मागितलंय. टीममध्ये आम्ही दोघंच. तोंडावर नाही म्हणणं अवघड आहे. काय बोलू?

उत्तर: नाही म्हणू नका, पण लगेच होही म्हणू नका. आधी विचारा, "त्या तारखेला नेमकं काय आहे?" क्लायंटला डेमो असेल तर सगळं काम लागत नाही. करारातली तारीख असेल तर करारात काय लिहिलंय ते पाहा. पुढची सगळी बोलणी या उत्तरावर ठरतात.

मग कामाची यादी करून प्रत्येक कामापुढे दिवस लिहा, टेस्टिंग धरूनच. समजा लॉगिन ६, ऑर्डर नोंदणी १४, पेमेंट १०, रिपोर्ट १०, जुना डेटा आणणं ८, म्हणजे एकूण ४८ दिवस. मीटिंगा आणि किरकोळ कामं वजा जाता माणसाला आठवड्याला ४ दिवसच मिळतात. दोघांचे तीन आठवड्यांत २४ दिवस होतात. निम्मं काम उरतं, हे साहेबांना आकड्यांत दिसू द्या.

आता पर्याय. पहिला, तारीख तीच, काम कमी: लॉगिन आणि ऑर्डर नोंदणी मिळून २० दिवस, ४ दिवस हाताशी. बाकीचं त्यानंतरच्या साडेतीन आठवड्यांत. दुसरा, काम पूर्ण, तारीख सहा आठवड्यांनंतरची.

तिसरा, माणसं वाढवणं. साहेबांना हाच आवडतो आणि घोळही इथेच होतो. दोनाचे चार केले की वेळ निम्मा, हा हिशोब कागदावरचा. पहिल्या आठवड्यात नवे दोघं शिकतात आणि तुमचा निम्मा वेळ शिकवण्यात जातो, म्हणून ८ ऐवजी ४ दिवसांचंच काम होतं. दुसऱ्या आठवड्यात नवे निम्म्या वेगाने धरले तर १२, तिसऱ्यात १६. तारखेला ४८ पैकी ३२ झालेले असतात, म्हणजे चौथा आठवडा लागतोच. तोही माणसं पहिल्याच दिवशी मिळाली तर, आणि ती सहसा मिळत नाहीत.

तिन्ही पर्याय एका पानावर न्या आणि तुमची शिफारस कोणती तेही सांगा. "टेस्टिंग कमी करू" हा पर्याय ठेवूच नका, नाहीतर नेमका तोच उचलला जातो.

"पेमेंटला १० दिवस कशाला, ६ करा" असं आलं तर आकडा खाली आणू नका, काम कमी करा: "फक्त कार्ड पेमेंट ठेवलं, रिफंड नंतर केला, तर ६ होतात." एकदा आकडा नुसताच उतरवलात की बाकीचेही फुगवलेले वाटू लागतात.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका: कोणता पर्याय ठरला, काय वगळलं, ते कधी मिळेल. निर्णय लटकला असेल तर लिहा, "बुधवारपर्यंत कळवावं, तोवर पहिल्या पर्यायाप्रमाणे सुरुवात करतो." लॉगिन आणि ऑर्डर नोंदणी तिन्ही पर्यायांत आहेच, त्यामुळे हे दिवस वाया जात नाहीत.