कुकीज खालून काळ्या, वरून पांढऱ्या: दोष ट्रेचा की रॅकचा?

प्रश्न: २८ लिटरचा ओटीजी आहे. सोबत आलेल्या काळ्या ट्रेमध्ये कुकीज खालून करपतात, वरून पांढऱ्याच राहतात. १७० डिग्री, १२ मिनिटं, खालचा रॅक. वेळ कमी करू की ट्रे बदलू?

उत्तर: आधी रॅक बदला, मग ट्रे. नुसती वेळ कमी केलीत तर खालचा भाग वाचेल, पण वरून कुकीज आणखी कच्च्या राहतील.

ओटीजी लहान असतो, त्यामुळे खालचा रॉड ट्रेच्या फार जवळ येतो. लाल झालेल्या रॉडची धग ट्रेच्या तळावर थेट पडते. काळा तळ ती जवळजवळ सगळी शोषून घेतो, तर चकचकीत ॲल्युमिनियम बरीचशी परतवून लावतं. म्हणून थर्मामीटर हवेचं तापमान १७० दाखवत असला, तरी काळ्या ट्रेचा पत्रा त्याहून तापलेला असतो. आत बटर पेपर घातला की थोडा फरक पडतो, पण मूळ दुखणं ट्रेच्या खालच्या बाजूला आहे आणि कागद वरच्या बाजूला.

दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ओटीजीसोबत मिळणारा ट्रे खाचेत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बसतो. त्यामुळे ओव्हनचे दोन मजले होतात. खालची गरम हवा खालीच कोंडते, वर पोचत नाही. तुमच्या कुकीज वरून पांढऱ्या राहतात त्या यामुळे. म्हणून तो ट्रे बाजूला ठेवा आणि जाळीवर असा ट्रे ठेवा की चारही बाजूंना तीन-चार सेंटीमीटर जागा मोकळी राहील. साधा, जाड, फिक्या रंगाचा ॲल्युमिनियमचा ट्रे मला सगळ्यात चांगला वाटतो. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात विचारा, जाताना ओव्हनचं आतलं माप मात्र लिहून न्या. पातळ स्टीलची थाळी घेऊ नका. ती तापून वाकते आणि उष्णता सारखी पसरवत नाही, मग एकाच घाण्यात दोन रंग दिसतात.

आता तुमचंच पीठ धरू. २५ ग्रॅमचे गोळे, एक सेंटीमीटर जाडीला दाबलेले. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून ओव्हन १७० वर तापवा आणि दिवा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती अजून तापायच्या असतात. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं असेल तर आणखी थांबावं लागतं. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर रॉडची ताकद साधारण तीन-चतुर्थांशच उरते आणि रॉड जास्त वेळ पेटलेला राहतो.

फिका ट्रे मधल्या जाळीवर ठेवा. सातव्या मिनिटाला ट्रे फिरवून मागची बाजू पुढे आणा, कारण दाराजवळ धग कमी असते. अकराव्या मिनिटापासून बघायला लागा. कडा फिकट सोनेरी आणि मध्य अजून किंचित मऊ असेल तेव्हा पातळ उलथन्याने एक कुकी उचलून तळ बघा. तळ बदामी रंगाचा दिसला की बाहेर काढा. बहुधा बारा-तेरा मिनिटं लागतील.

काळाच ट्रे वापरायचा असेल आणि तो जाळीवर ठेवण्याइतका लहान असेल, तर तापमान १५५ ते १६० ठेवा, जाळी मध्यापेक्षा एक खाच वर घ्या आणि नवव्या मिनिटापासून तळ तपासा. तळाला बाहेरून चकचकीत फॉइल घट्ट गुंडाळली तरी फायदा होतो. फॉइल लोंबून रॉडला लागणार नाही एवढं सांभाळा. ओव्हनच्या तळावर किंवा रॉडवर फॉइल कधीच पसरू नका.

मधल्या जाळीवरही वरून रंग येत नसेल, तर शेवटची दोन मिनिटं ट्रे वरच्या खाचेत न्या. त्या दोन मिनिटांत नजर हलवू नका.

ओव्हन कुठे जास्त तापतो ते बघायला ब्रेडचे स्लाइस कामाचे आहेत. जाळीभर स्लाइस मांडून १८० वर आठ मिनिटं ठेवा. जिथला स्लाइस आधी लाल होईल, तिथे कुकी ठेवू नका.

दोन घाणे काढायचे असतील तर गरम ट्रेवर दुसरं पीठ मांडू नका. लोणी लगेच वितळतं, कुकी पसरते आणि पातळ कडा आधी करपतात. ट्रे पूर्ण गार होऊ द्या. बाहेर काढलेल्या कुकीज दोन मिनिटांत ट्रेवरून जाळीवर घ्या, नाहीतर गरम पत्र्यावर तळ भाजतच राहतो.

नाताळात बोलिन्हा करणार असाल तर तापमान आणखी पाच-दहा डिग्री खाली ठेवा. ओलं खोबरं आणि साखर तळाशी लवकर करपतात, रवा मात्र आतून शिजायला वेळ घेतो. तिथे फिका ट्रेच घ्या.