कॅपच्या जागी फेटा बसवताना कपाळावरचे केस आणि कान कसे वाचवायचे?

प्रश्न: फोंड्याच्या शिगमोत्सवात आमच्या रोमटामेळाचा ग्रुप फोटो काढला. सगळ्यांच्या डोक्यावर केशरी फेटे आणि एकट्याच्या डोक्यावर क्रिकेटची कॅप. फोटोशॉपमध्ये दुसऱ्याचा फेटा आणून लावला, तर कान कापल्यासारखे दिसतात आणि कल्ले गायब होतात. काय चुकतंय?

उत्तर:

बहुतेक तुम्ही फेटा सगळ्यांत वरच्या लेअरवर ठेवून चेहऱ्यावर दाबलाय. चार थर लागतात: खाली चेहरा, त्यावर फेटा, त्यावर कान आणि सगळ्यांत वर कल्ल्यांचे केस. मूळ लेअरला कुलूप लावा. पेन टूलने दोन्ही कानांची कड काढा, सिलेक्शनला अर्धा ते एक पिक्सेल फेदर द्या आणि `Ctrl+J` दाबून कान वेगळ्या लेअरवर घ्या. कल्ले पेनने कापू नका, कड कात्रीने कापल्यासारखी येते. कानशिलाच्या त्वचेसकट थोडा मोठा तुकडा घ्या आणि मास्कवर बारीक ब्रशने एकेक केस मोकळा करा.

आता कॅप काढायची. खरी कसोटी आहे तिची पुढे आलेली चोच. तिच्यामागे लपलेलं कपाळ आणि केसांची रेषा फोटोत नाहीच, ती कुठल्याही टूलने ‘परत’ येत नाही. त्यामुळे आधी ठरवा की फेट्याची खालची कड कुठे येणार. साधारण भुवईच्या दोन बोटं वर बसवली, तर पुढची केसांची रेषा आपोआप झाकली जाते आणि फक्त कानशिलं आणि कल्ले सांभाळायचे राहतात. फेटा मागे सरकवून कपाळ मोकळं दाखवायचं असेल, तर त्याच माणसाचा बिनटोपीचा, जवळपास त्याच कोनातला फोटो हवा. तो नसेल तर फेटा खाली घ्या. अंदाजाने रंगवलेली केसांची रेषा घरचे लोक पहिल्या नजरेत ओळखतात. चोचीच्या खालची दोन बोटांची त्वचा मात्र त्याच्याच कपाळावरून क्लोन करता येते.

चोचीची सावली डोळ्यांवरही असते. फेट्याला चोच नसते, तेव्हा ती सावली राहिली तर फसवणूक उघडी पडते. कर्व्हज लेअरने तेवढाच भाग मास्कमधून उजळवा आणि थोडा पिवळा-लाल रंग वाढवा, कारण उन्हातल्या सावलीत आभाळाची निळी झाक असते.

फेट्याचं माप डोळ्यांनी ठरवू नका. त्याच रांगेतल्या शेजाऱ्याचं मोजा. समजा त्याची हनुवटी ते भुवई अंतर २८० पिक्सेल आणि फेट्याची उंची २१०, म्हणजे पाऊण पट. तुमच्या माणसाचं तेच अंतर ३०० असेल, तर फेटा २२५ चा. वेगवेगळ्या पद्धतीने बांधलेल्या फेट्यांची उंची वेगळी असते, म्हणून शक्यतो त्याच शेजाऱ्याचा फेटा उचला. उजेड उलट बाजूने पडलाय म्हणून फेटा आडवा फिरवलात, तर शेमला बाकीच्यांच्या उलट खांद्यावर येईल. उजेड जुळणारा दुसरा फेटा शोधणं कमी कष्टाचं.

मग `Edit > Transform > Warp`. फोटो खालून काढला असेल तर फेट्याची खालची कड कपाळावर मधोमध वर उचललेली दिसते; स्टेजवरून काढला असेल तर मध्ये खाली झुकते. सरळ रेषेत ठेवलेली कड स्टिकरसारखी वाटते. वार्प फक्त फेट्याच्या लेअरवर करा. कान बसत नाही म्हणून कान ताणलात, तर माणूसच बदलतो.

कॅपने कानाचं टोक बाहेर ढकललं असेल तर तसंच राहू द्या, फेटाही कानाला टेकला की तेच करतो. टोक कॅपखाली लपलं असेल, तर दुसरा कान फिरवून लावण्याचा मोह टाळा. दोन्ही कान सारखे नसतात, आणि उजेडही उलटा पडतो. तिथे फेट्याची कड टोकावर आणून झाका, म्हणजे कानाच्या लेअरचा वरचा भाग मास्कने लपवा.

सावलीला काळा रंग नको, गडद तपकिरी घ्या, लेअर मल्टिप्लाय मोडवर. कडेला लागून दोन-तीन पिक्सेलची गडद रेघ आणि तिच्याखाली पसरट, फिकट दुसरी. कानाच्या वरच्या वळणावरही थोडी हवी, नाहीतर कान फेट्यावर तरंगतो. शेजाऱ्यांच्या फेट्यांवर गुलाल उडालेला असेल, तर तुमचा कोरा फेटा वेगळा उठून दिसेल, तेव्हा थोडा त्याच्यावरही उडवा.

शेवटी मूळ फोटोची प्रत सगळ्यांत वर ठेवून मोड `Difference` करा. न बदललेला भाग पूर्ण काळा दिसतो. कल्ले आणि कानाची बाहेरची कड काळी हवी, फक्त सावली दिलेली जागा किंचित उजळ चालेल. कानाभोवती बारीक उजळ रेघ दिसली, तर कानाचा लेअर एखाद-दोन पिक्सेल सरकलाय. बाण-कळांनी ढकलून रेघ नाहीशी करा आणि वरची प्रत काढून टाका.