पोझिशन गेन वाढवला की अक्ष ठिकाण का ओलांडतो?

प्रश्न: यास्कावा सिग्मा-७ सर्वो ड्राइव्ह, बॉलस्क्रूचा अक्ष. ट्यूनिंगलेस बंद करून पोझिशन गेन Pn102 ४० वरून ८० केला, तर अक्ष ठिकाण ओलांडून मागे येतो. स्पीड लूपचा गेन Pn100 ४० हर्ट्झच आहे, इनर्शियाचं प्रमाण सांगणाऱ्या Pn103 ला हात लावलेला नाही. लोडचा इनर्शिया मोटरच्या पाचपट. करंट लूप इतका वेगवान असताना असं का?

उत्तर: अडचण मधल्या, म्हणजे स्पीड लूपमध्ये आहे. Pn100 मधले ४० हर्ट्झ खरे ठरतात ते Pn103 बरोबर भरला असेल तरच. कारखान्यातून तो १०० टक्के येतो, म्हणजे मोटर आणि लोड मिळून इनर्शिया एकट्या मोटरच्या दुप्पट आहे असं ड्राइव्ह धरतो. तुमच्याकडे तो सहापट आहे. तेवढ्याच टॉर्कला त्वरण एक तृतीयांश मिळतं आणि स्पीड लूप प्रत्यक्षात १३ हर्ट्झच्या आसपास, सेकंदाला ८४ रेडियनवर येतो.

आता Pn102 बघा. त्याचं एककही दर सेकंदाचं आहे, त्यामुळे ८० आणि ८४ ची थेट तुलना करता येते. पोझिशन लूप फक्त वेग मागतो आणि मागितलेला वेग लगेच मिळाला असं समजून पुढचा हिशोब करतो. ठिकाण जवळ आलं की तो वेग कमी मागतो, पण अक्ष अजून साधारण १२ मिलिसेकंदांपूर्वी मागितलेल्या वेगाने चाललेला असतो. तो वेग उतरेपर्यंत ठिकाण मागे पडतं. स्पीड लूप साधा एका टप्प्याचा धरला, त्याचा रेडियनमधला वेग ωs आणि Pn102 म्हणजे Kp, तर डॅम्पिंग ζ असं निघतं:

```
ζ = 0.5 × √(ωs / Kp)
```

Kp ८० ला ζ ०.५१ येतो. अशा वेळी एकदम दिलेल्या उडीच्या हुकुमाला सुमारे १५ टक्के ओव्हरशूट होतो. ζ १ हवा असेल तर Kp २१ च्या वर नेता येत नाही. बाहेरचा लूप आतल्याच्या एक चतुर्थांशावर ठेवायचा नियम इथूनच येतो. खऱ्या स्पीड लूपमध्ये इंटिग्रलही असतो, त्यामुळे प्रत्यक्षात झोके याहून वाईटच दिसतात.

म्हणून आधी Pn102 परत ४० करा, मग Pn103 ५०० भरा. यामुळे टॉर्कचा गेन तिप्पट होतो, तेव्हा टप्प्याटप्प्याने वाढवा आणि सर्वो ऑफचं बटण हाताशी ठेवा. आता ωs २५१ झाला, म्हणजे Pn102 ६० पर्यंत निर्धास्त नेता येईल. फॉलोइंग एरर आणखी कमी हवी असेल तर Pn109 चा फीडफॉरवर्ड द्या. तो लूपच्या बाहेरून येतो, स्थिरतेला धक्का लावत नाही.

Pn100 वाढवायचा असेल तर आतल्या बाजूलाही हाच नियम लागू होतो. करंट लूप वेगवान आहे हे खरं, पण त्याच्या वाटेवर Pn401 चा टॉर्क फिल्टर बसलेला आहे. १ मिलिसेकंद म्हणजे १५९ हर्ट्झ, ४० च्या जवळपास चौपट. Pn100 ८० केला तर Pn401 ०.५ वर आणावा लागेल.

कोणती जोडी भांडतेय ते ट्रेसवर कळतं. तुमच्या आत्ताच्या सेटिंगला वेगाची लाट ११ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे दर ९० मिलिसेकंदांना एक दिसेल. ती पोझिशन आणि स्पीडची. Pn103 भरल्यावर शेकडो हर्ट्झची शिट्टी ऐकू आली, तर Pn102 ला हात लावू नका. तिथे टॉर्क फिल्टर किंवा कपलिंगचा रेझोनन्स तपासा.